एका चेहऱ्यापुरती जागा

आयफोनच्या लॉक स्क्रीनवर घड्याळाखाली एक अरुंद पट्टी असते. तिच्यात चार घरं आहेत. गोल विजेट एक घर घेतं, आडवं विजेट दोन. म्हणजे चार गोल बसतात, किंवा दोन आडवी, किंवा एक आडवं आणि दोन गोल. त्यापलीकडे काही मावत नाही. आणि अनेकांना बराच काळ न उलगडलेली गोष्ट अशी की या पट्टीत एक जरी विजेट ठेवलं, तरी फोटोतल्या माणसाचं डोकं घड्याळाच्या पुढे येण्याची ती सुंदर करामत, म्हणजे डेप्थ इफेक्ट, बंद पडते. फोन तशी सूचना देत नाही. कालपर्यंत आकड्यांच्या पुढे असलेलं मूल आज आकड्यांच्या मागे गेलेलं दिसतं, एवढंच.

सप्टेंबर २०२२ मध्ये आयओएस १६ आलं आणि आयफोनची लॉक स्क्रीन पहिल्यांदा अशी मनासारखी मांडता येऊ लागली. तेव्हापासून घड्याळ, विजेटं, खालची दोन बटणं आणि फोटो या चौघांची जागेसाठी ओढाताण सुरू आहे. लॉक स्क्रीन छान दिसावी आणि गर्दीही होऊ नये असं वाटत असेल, तर ही ओढाताण कशी चालते ते आधी कळायला हवं. मग काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवणं सोपं जातं.

डेप्थ इफेक्टपासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. फोन आपल्या फोटोतला मुख्य विषय ओळखतो, मग तो माणूस असो, कुत्रा असो किंवा एखादं झाड, आणि त्याची कड कापून त्याला पार्श्वभूमीपासून वेगळं करतो. मग तीन थर एकावर एक रचले जातात. सगळ्यात मागे पार्श्वभूमी, मधे घड्याळ, पुढे माणूस. यासाठी फोटो पोर्ट्रेट मोडमध्येच काढलेला असावा लागत नाही, साधा फोटोही चालतो. मात्र कड कापण्याचं काम फोनमधली चिप करते, म्हणून ए१२ किंवा त्यानंतरची चिप लागते. २०१८ मध्ये आलेल्या आयफोन एक्सएस आणि एक्सआरपासून पुढच्या फोनांत ती आहे.

करून पाहायचं तर फोन चेहरा ओळखून उघडू द्यावा, पण वर सरकवू नये. लॉक स्क्रीनवरच बोट दाबून धरावं. स्क्रीन लहान होते आणि खाली Customize दिसतं. माझा सल्ला असा, की जुनी स्क्रीन बदलण्याऐवजी अधिकचं चिन्ह दाबून नवी तयार करावी. जुनी तशीच शेजारी राहते आणि नवी पसंत पडली नाही तर परत जाता येतं. फोटो निवडल्यावर दोन बोटांनी लहानमोठा करावा, सरकवावा. डोकं आकड्यांपर्यंत पोचलं की ते आपसूक पुढे येतं. नाहीच आलं तर कोपऱ्यातल्या तीन टिंबांत Depth Effect चालू आहे का ते पाहावं. तो पर्याय फिका दिसत असेल, तर फोनला त्या फोटोत तसं करणं जमत नाहीये.

का जमत नाही, हे एका उदाहरणावरून सांगते. माझ्या भाचीला राजगडावरचा तिचा फोटो लावायचा होता. तिच्याकडे पद्मावती माचीवर काढलेले तीन फोटो होते. पहिला आडवा. त्यात ती उजव्या कडेला उभी, बाकी सगळा डोंगर आणि आकाश. फोटो म्हणून तो सर्वांत देखणा, पण लॉक स्क्रीनसाठी सर्वांत अवघड. आयफोनच्या आजच्या स्क्रीनची उंची रुंदीच्या दुपटीहून थोडी जास्त असते, तर कॅमेऱ्याचा फोटो चारास तीन या मापाचा. आडव्या फोटोतून उभी पट्टी कापली की रुंदीचा जेमतेम तिसरा हिस्सा हाती लागतो. ती पट्टी तिच्यावर आणून ठेवता आली, पण ती फोटोत इतकी लहान होती की डोकं घड्याळाच्या बरंच खाली राहिलं. घड्याळापर्यंत पोचवायला फोटो दुपटीहून जास्त मोठा करावा लागला, आणि मग चेहरा मऊ, पुसट झाला. लॉक स्क्रीनवर पुसट चेहरा फार खटकतो, कारण शेजारचे आकडे धारदार असतात.

दुसरा फोटो उभा, जवळून काढलेला. चेहरा स्पष्ट, हसरा, पण डोकं फोटोच्या वरच्या कडेला टेकलेलं. घड्याळ नेमकं वरच्या पाव भागात असतं. तिथे चेहरा आला की तो आकडे जवळजवळ पूर्ण झाकतो, आणि वेळ वाचता येणार नाही हे लक्षात घेऊन फोन इफेक्ट बंद करतो. मग आकडे थेट कपाळावर येऊन बसतात, जे कुणालाच नको असतं. आयओएस १७ पासून अशा वेळी फोटो खाली ओढता येतो आणि वर उरलेली जागा फोन त्याच फोटोच्या धूसर रंगाने भरतो. मागे मोकळं आकाश असेल तर ते खपून जातं. मागे झाडी किंवा भिंत असेल तर जोड दिसतो.

तिसरा फोटो कमरेपासून वरचा होता आणि डोक्यावर आकाश मोकळं होतं, फोटोच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. तिघांत हा सर्वांत साधा. भाचीने तो बाजूलाच टाकला होता. पण लावल्याबरोबर केसांचा वरचा भाग आकड्यांच्या खालच्या कडेवर आला आणि ती घड्याळापुढे उभी राहिली. मागे स्वच्छ आकाश असल्यामुळे वाऱ्याने उडणाऱ्या बटाही नीट कापल्या गेल्या. गर्द झाडीसमोर काळे केस असतील तर कापणी चुकते. बटांमधे पार्श्वभूमीचे ठिपके राहतात, किंवा केसांचा एखादा तुकडाच नाहीसा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत हे जास्त घडतं, कारण पाठवताना तो आकसलेला असतो आणि कडा आधीच मऊ झालेल्या असतात. फोटो दुसऱ्याने काढला असेल तर मूळ प्रत मागून घ्यावी.

म्हणून मुद्दाम लॉक स्क्रीनसाठी फोटो काढायचा असेल तर फोन उभा धरावा, दोन पावलं मागे सरावं आणि डोक्यावर जागा सोडावी. उभ्या फोटोचीही दोन्ही बाजू मिळून तिसऱ्या हिश्शाहून जास्त रुंदी कापली जाते, तेव्हा माणूस मधल्या पट्ट्यात असावा. शेजारी उभी असलेली आत्या कापली जाईल हे धरून चालावं.

आता डोकं आकड्यांच्या नेमक्या कुठल्या भागावर यावं? हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, पण रोजची सोय त्यावरच ठरते. घड्याळ दर मिनिटाला बदलतं, तेव्हा सेटिंग करताना जी वेळ होती तिच्यावर विसंबून चालत नाही. इंग्रजी आकड्यांत ८ आणि ९ ची वरची गाठ सारखीच असते, फरक खाली आहे. देवनागरीत २ आणि ३ चंही तसंच. आकड्यांचा खालचा अर्धा भाग झाकला गेला तर अशा जोड्या ओळखू येत नाहीत. शेवटचा आकडा दर मिनिटाला बदलतो, म्हणून उजव्या टोकाला डोकं आलं तर त्रास सर्वांत जास्त. तास आणि मिनिटं यांच्या मधल्या दोन टिंबांपाशी डोकं आलं तर सर्वांत कमी. शिवाय बारा तासांच्या घड्याळात नऊ एकोणसाठनंतर दहा वाजले की एक आकडा वाढतो आणि संपूर्ण घड्याळ रुंदावतं. सकाळी जो आकडा मोकळा होता तो दहानंतर केसांखाली जाऊ शकतो. म्हणून आकड्यांचा खालचा चौथा हिस्सा झाकला जाईल इतकंच डोकं वर आणावं. दिसायलाही तेवढंच पुरतं. खोलीचा भास होतो तो केसांच्या कडेने आकड्याला स्पर्श केल्यामुळे, त्यासाठी आकडा गिळून टाकण्याची गरज नाही.

घड्याळाच्या अक्षरांचं वळण त्याच्यावर टिचकी मारून बदलता येतं. वेगवेगळी वळणं आहेत, आणि आयओएस १७ पासून काही वळणांत जाडीही कमीजास्त करता येते. इथे माझं मत ठाम आहे. डेप्थ इफेक्ट वापरायचा असेल तर जाड अक्षर घ्यावं. बारीक आकड्यांपुढे केस आले की आकडा तुटल्यासारखा दिसतो. जाड आकडा थोडा झाकला गेला तरी उरलेल्या भागातून तो ओळखू येतो. रंगाच्या बाबतीत पांढरा किंवा फोटोतलाच एखादा फिकट रंग पुरेसा. भडक रंगाचं घड्याळ चेहऱ्यावरून नजर ओढून घेतं.

याच पानावर पृथ्वीगोलाची खूण असते. ती दाबली की आकड्यांची लिपी निवडता येते, आणि त्यात देवनागरी आहे. २०२४ च्या आयओएस १८ मध्ये हा पर्याय वाढवून बारा भारतीय भाषांच्या अंकांपर्यंत नेला गेला. फोनची भाषा इंग्रजी ठेवूनही घड्याळात १०:२५ असं देवनागरीत दिसू शकतं. घरातल्या ज्येष्ठांना, ज्यांनी आयुष्यभर भिंतीवरच्या कालदर्शिकेत हेच अंक पाहिले, त्यांना हे फार आवडतं. लहान मुलांनाही रोज नजरेखालून जाऊन हे अंक सहज पाठ होतात. लॉक स्क्रीनवरच्या सगळ्या सजावटीत मला ही एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, आणि ती जागा मुळीच अडवत नाही.

आता विजेटं. घड्याळाखालची चार घरं भरली की डेप्थ इफेक्ट जातो, पण घड्याळाच्या वरची तारखेची ओळ मात्र मोकळी आहे. तिच्यावर टिचकी मारली की तारीख थोडी आखूड होते आणि शेजारी एक छोटी माहिती बसते: तापमान, पुढची भेट, सूर्योदय, व्यायामाची मोजणी, यांपैकी एखादी. एकच, दोन नाहीत. या ओळीमुळे डेप्थ इफेक्टला धक्का लागत नाही. मला वाटतं, बहुतेकांची गरज या एका ओळीत भागते. पावसाळ्यात पावसाची शक्यता आणि उन्हाळ्यात तापमान ठेवलं की झालं. कॅलेंडरातली पुढची भेट ठेवली तर तिचं नाव थोडक्यात लिहिण्याची सवय करावी, कारण लांब नाव मधेच कापलं जातं.

चार घरं भरण्याआधी आणखी एक गोष्ट माहीत असावी. विजेट सतत ताजं होत नाही. बॅटरी वाचावी म्हणून फोन प्रत्येक विजेटला दिवसभरात ठराविकच वेळा माहिती बदलू देतो. ॲपलने ॲप बनवणाऱ्यांना सांगितलेला अंदाज असा, की नेहमी पाहिल्या जाणाऱ्या विजेटला दिवसाकाठी साधारण ४० ते ७० वेळा अशी संधी मिळते. म्हणजे दोन बदलांमधे पंधरा मिनिटं ते तासभर जाऊ शकतो. तापमानासाठी हे ठीक आहे. शेअरच्या भावासाठी किंवा क्रिकेटच्या धावांसाठी नाही. तिथे दिसणारा आकडा जुना असू शकतो आणि तो जुना आहे हे कळतही नाही. धावसंख्या किंवा जेवण घेऊन येणारा माणूस कुठवर आला, हे दाखवायला लाइव्ह ॲक्टिव्हिटी नावाची वेगळी सोय आहे. ती स्क्रीनच्या खालच्या बाजूला आपसूक येते आणि काम संपल्यावर जाते. म्हणून विजेट निवडताना स्वतःला विचारावं, की ही माहिती अर्ध्या तासाची जुनी असली तरी माझ्या कामाची आहे का? नसेल तर ते घर रिकामं बरं.

सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ आलं (मधले क्रमांक वगळून कंपनीने वर्षाशी जुळणारा आकडा घेतला) आणि या ओढाताणीतून एक वाट निघाली. आता विजेटांची पट्टी ओढून स्क्रीनच्या तळाशी नेता येते. त्यामुळे वर घड्याळ आणि चेहरा आणि खाली विजेटं असं दोन्ही एकत्र राहू शकतं. घड्याळही खाली ताणून उंच करता येतं. पण नोटिफिकेशन्सही खालूनच येतात हे ध्यानात ठेवावं. पट्टी खाली आणि तिच्याभोवती संदेशांची रांग, अशी अवस्था झाली तर गर्दी फक्त वरून खाली आली असं होईल.

नोटिफिकेशन्स ही लॉक स्क्रीनवरची खरी गर्दी आहे, विजेटं नव्हेत. सेटिंग्जमध्ये Notifications उघडलं की वरच ती कशी दिसावीत याचे तीन पर्याय मिळतात: Count, Stack आणि List. यादीत प्रत्येक संदेश पसरतो आणि फोटो झाकतो. Count निवडलं तर तळाशी फक्त किती आलेत त्याचा आकडा दिसतो, हवं तेव्हा टिचकी मारून उघडायचं. जिने मेहनतीने फोटो लावला, तिने हे एक सेटिंग बदललंच पाहिजे. नाहीतर दिवसभर फोटोतले फक्त केस दिसतील.

खालची दोन बटणं, टॉर्च आणि कॅमेरा, आयओएस १८ येईपर्यंत हलवता येत नव्हती. आता Customize मध्ये गेल्यावर वजाचं चिन्ह दाबून ती काढता येतात आणि तिथे दुसरं काही ठेवता येतं. यात कॅमेऱ्याचं बटण पहिल्यांदा काढावं असं मी म्हणेन. लॉक स्क्रीन उजवीकडून डावीकडे सरकवली की कॅमेरा तसाही उघडतो, म्हणजे बटण काढून काही हरवत नाही. त्या जागी कोड स्कॅनर ठेवला तर भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड वाचायला ॲप शोधावं लागत नाही. टॉर्च मात्र राहू द्यावा. दिवे गेल्यावर तोच हाताला लागतो. ज्यांच्या खिशात तो आपोआप लागतो त्यांनी त्याही जागी काही न ठेवता ती रिकामी सोडावी. रिकामी जागा हाही एक पर्याय आहे आणि फोन तो मान्य करतो.

राहिला प्रश्न ज्यांना विजेटंही हवीत आणि फोटोही हवा त्यांचा. त्यांनी एकाच स्क्रीनवर सगळं कोंबू नये, दोन स्क्रीन कराव्यात. माझी एक मैत्रीण बँकेत आहे. कामाच्या स्क्रीनवर तिने साधी गडद पार्श्वभूमी ठेवली आहे. घड्याळाखाली कॅलेंडरचं आडवं विजेट आणि शेजारी बॅटरी व गजर ही दोन गोल विजेटं. घरच्या स्क्रीनवर मुलाचा फोटो, डेप्थ इफेक्ट चालू, विजेट एकही नाही, तारखेशेजारी फक्त तापमान. लॉक स्क्रीन दाबून धरली की तिथेच तिला एखादा फोकस जोडता येतो. कामाचा फोकस सकाळी बँकेच्या वेळेला आपोआप सुरू होतो आणि संध्याकाळी सुटतो, त्याबरोबर स्क्रीनही बदलते. तिला हात लावावा लागत नाही.

अँड्रॉइडवर नावं वेगळी, पण विचार तोच. पिक्सेलवर २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून घड्याळाची निरनिराळी रूपं आणि कोपऱ्यातले दोन शॉर्टकट बदलता येतात, क्यूआर स्कॅनर त्यांत आहे. सॅमसंगवर लॉक स्क्रीन दाबून धरली की घड्याळ, विजेटं आणि शॉर्टकट तिथल्या तिथे बदलतात. शाओमीच्या हायपरओएसमध्ये लॉक स्क्रीनच्या काही साच्यांना डेप्थ इफेक्ट आहे. सोय कोणत्या फोनवर किती मिळते हे मॉडेलनुसार बदलतं, पण डोक्यावर जागा सोडलेला उभा फोटो सगळीकडेच लागतो.

शेवटचं, आणि हे सजावटीइतकंच लक्ष देऊन करावं. लॉक स्क्रीनवर जे ठेवतो ते फोन न उघडता कुणालाही दिसतं. डॉक्टरांची वेळ, बँकेचा संदेश, औषधाची आठवण. सेटिंग्जमधल्या Face ID & Passcode मध्ये Allow Access When Locked असा भाग आहे. फोन बंद असताना काय दिसावं आणि काय वापरता यावं ते तिथे एकेक ठरवता येतं. नोटिफिकेशन्समध्ये Show Previews समोर When Unlocked निवडलं की संदेश आल्याचं कळतं, पण मजकूर तुमचा चेहरा ओळखल्यावरच उघडतो. हे दोन्ही करून झालं की फोन हातभर दूर धरा, भर उन्हात एकदा आणि रात्री चष्मा काढून एकदा. वेळ पटकन वाचता आली नाही, तर फोटो कितीही आवडता असला तरी बदला.